डावा बूट लहान होतो

बुटांच्या त्या दुकानातला आरसा जमिनीला टेकून उभा होता आणि त्यात माणूस गुडघ्यापर्यंतच दिसत असे. गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसलं की ते बूट विसरून केस सारखे करत बसतं, असा दुकान काढणाऱ्या आजोबांचा सिद्धांत होता. आजोबा गेले, सिद्धांत राहिला. साठ वर्षं त्या आरशात नुसते पाय येत होते आणि पाय जात होते. वरच्या माणसाशी आरशाला कर्तव्य नव्हतं.

दुकान आता नातीकडे होतं. तिला सगळे मालकीणबाई म्हणत. वय एक्कावन्न, कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली. त्या शिक्षणाचा बूट विकताना एवढाच उपयोग झाला, की सात नंबरचा माल जास्त मागवावा हे त्यांना इतरांच्या आधी कळलं. पण त्या शिक्षणाने त्यांना एक ताठ कणा दिला होता. एखादी गोष्ट दोनदा घडली म्हणून तिचा नियम होत नाही, हे वाक्य त्या वर्षातून निदान पन्नासदा म्हणत, आणि बहुतेक वेळा ते मामाला उद्देशून असे.

मामा म्हणजे त्यांच्या आईचा भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. गल्ल्यामागे बसायचा, कारण घरी बसलं की भिंती बोलतात अशी त्याची तक्रार होती. दुकानात कोण बोलतं, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "इथे बोलत नाहीत. नुसतं येऊन उभं राहतात."

हे तो ज्या सुरात सांगे, त्याच सुरात 'पॉलिशची डबी संपली' असंही सांगे. त्यामुळे गिऱ्हाईक दचकत नसे, फक्त जरा घाईने पैसे देऊन निघत असे. धंद्याला ते बरंच होतं.

मामाचं म्हणणं असं: आपल्या घरातल्या बाईचा डावा बूट लहान झाला, की ती जाते. उजवा नाही, डावाच. पहिल्यांदा मालकीणबाईंच्या आईचा झाला. त्या तेव्हा कॉलेजात होत्या. आई तापाने महिनाभर अंथरुणाला खिळून होती, मग उठली, आणि दुकानात यायला म्हणून बूट घालू लागली तर उजवा सरकन गेला आणि डावा चढेना. घरचा बूट, घरच्या मापाचा. आजोबांनी त्याच दिवशी तिला परत झोपवलं. उठू नको म्हणाले. चार-पाच दिवसांनी ती ऐकेना, दुकानात आली, आरशासमोरच्या बाकावर टेकली, उठता उठता "श्वास कुठे गेला माझा" एवढं म्हणाली आणि संपली. त्रेपन्न वर्षांची.

काही वर्षांनी मावशी, आईची धाकटी बहीण. ती तर ठणठणीत होती. तिचा डाव्या पायाचा सँडल बसेना म्हणून ती पट्टा सैल करून घ्यायला दुकानात आली, त्याच बाकावर बसली, मामा पट्ट्याला भोक पाडत होता. त्याने मान वर केली नाही. आरशात तिचे पाय दिसत होते म्हणून तिच्याशी बोलत राहिला. बराच वेळ बोलला. "पाय तर जागेवर होते," तो सांगे. "मला काय ठाऊक, वरची गेली म्हणून."

दोन्ही वेळा डॉक्टरांनी हार्ट असं लिहिलं. त्या घराला हार्ट हा शब्द आवडला. त्यात कुणाची चूक नसते, विचारणाऱ्याचं समाधान होतं, आणि पुढचा प्रश्न येत नाही. बूट मात्र मामाने सोडला नाही. दिवेलागणीला तो आरशाकडे हात करून म्हणे, "आल्या दोघी."

"कुठे? मला तर काही दिसत नाही."

"तुला कसं दिसेल? तू वर बघतेस. वर कुणी नसतंच."

"मामा, दोन घटना म्हणजे नियम नव्हे."

"मग तिसरीची वाट बघ," मामा म्हणे, आणि सुटे पैसे मोजायला घेई.

*

पाळी जाऊन वर्ष झालं आणि बाईंच्या अंगातून वाफा निघू लागल्या. गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकावं, टाचेत बोट घालून बघावं, आणि छातीपासून कानापर्यंत कुणी तरी भट्टीचं दार उघडावं. झोप नाही, डोकं जागेवर नाही. एकदा त्यांनी एका सद्‌गृहस्थाला दोन्ही डावे बूट बांधून दिले. तो परत आला नाही. त्याला ते बसले असतील या शंकेने बाईंची आणखी एक झोप उडाली.

बेबीने फोनवर उपाय सांगितला. बेबी म्हणजे मावशीची मुलगी, एकोणपन्नास वर्षांची बेबी, दुसऱ्या गावात राहणारी. "ताई, गोळी घे. मी पाच महिने घेतेय. सकाळी चहाआधी एक गिळायची की दिवसभर माणसात. नाहीतर मी घरच्यांचे गळे दाबायच्या बेतात होते. त्यांनी तर चिठ्ठ्याही टाकल्या होत्या, पहिला कोण म्हणून."

मग बाई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. दवाखाना दोन जिने वर, खोली स्वच्छ, भिंतीवर गर्भाशयाचं चित्र, जे बाईंना कायम उलट्या टांगलेल्या बुटासारखं वाटे. डॉक्टरीणबाई सावकाश बोलायच्या आणि पेशंटकडे बघून बोलायच्या, म्हणून त्यांच्याकडे फार थांबावं लागे.

"तुमच्या अंगात जे इस्ट्रोजेन कमी पडलंय तेच द्यायचं आहे," त्या म्हणाल्या. "माल एकच. रस्ते वेगळे. गोळी पोटातून जाते. पट्टी म्हणजे पॅच, पोटावर खाली किंवा कुल्ल्यावर चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची. जेल रोज दंडाला नाहीतर मांडीला चोळायचं. गर्भाशय जागेवर आहे, म्हणून कोणताही रस्ता घेतलात तरी सोबत प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लागेल. ती गर्भाशयाच्या अस्तराच्या राखणीला."

"मग रस्त्याने काय बिघडतं? मुक्कामाला पोचल्याशी कारण."

"बिघडतं. पोटातून गेलेली गोळी आधी यकृतात जाते. सगळीच्या सगळी, एकदम. यकृताला वाटतं, मोठी ऑर्डर आली. ते रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवायला लागतं. त्यामुळे पायाच्या शिरेत गुठळी व्हायची शक्यता वाढते. कधी ती सुटून फुप्फुसात जाते. तुमच्यासारख्या धडधाकट बाईत मुळात ती शक्यता थोडी. गोळीने साधारण दीडपट, दुप्पट होते. थोड्याची दुप्पट म्हणजे अजून थोडीच. पण होते. पट्टी आणि जेल कातडीतून थेट रक्तात जातात, यकृताच्या दारावर एवढा लोंढा येत नाही. नेहमीच्या डोसला त्यांनी गुठळ्या वाढलेल्या दिसलेल्या नाहीत."

"दिसलेल्या नाहीत, की नाहीत?" बाईंनी विचारलं. संख्याशास्त्र असं अधूनमधून डोकं वर काढी.

डॉक्टरीणबाई हसल्या. "दिसलेल्या नाहीत. हजारो बायकांच्या नोंदी पाहून काढलेला निष्कर्ष आहे. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हे, निम्म्यांना ते दिलं, असा मोठा प्रयोग झालेला नाही. तरी मी तुम्हाला पट्टी म्हणेन. बरं, घरात कुणाला पायात, फुप्फुसात गुठळी?"

"नाही."

"आईवडील?"

"वडील म्हातारपणाने गेले. आई हार्टने. पन्नाशी उलटल्यावर."

ते खरं होतं. घराला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं त्यांनी सांगितलं. मावशीचं कुणी विचारलं नाही. आणि बुटाचं सांगायचं म्हणजे, दवाखान्यात बसून शिकलेल्या बाईने भुताची हजेरी लावण्यापैकी होतं.

डॉक्टरीणबाईंनी आईचं ऐकून हृदयाचा आलेख काढायला लावला, रक्तदाब घेतला, चरबी तपासली. सगळं छान निघालं. तरी त्यांनी पट्टीच पुढे केली. बाईंनी ती बोटाने चाचपून पाहिली. पारदर्शक, गुळगुळीत, नखाएवढ्या जाडीची सुद्धा नाही.

"आमच्या धंद्यात ठिगळ लावलेला माल शोकेसला ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि घाम सुटल्यावर ही टिकायची नाही."

"बहुतेक टिकते. कधी खाजते, कधी सुटते. मग जेल घ्या. लावलं, वाळू दिलं, हात धुतले. तासाभर त्या जागेला दुसऱ्या कुणाची कातडी लागू द्यायची नाही, लहान मुलाची तर नाहीच."

"मी दिवसभर लोकांचे पाय हातात घेते."

"म्हणूनच हात धुवायचे."

"गोळीच द्या," बाई म्हणाल्या. "माझी मावसबहीण पाच महिने घेतेय. काही झालं नाही तिला." एका घटनेचा नियम होत नाही हे वाक्य त्या दिवशी त्यांना आठवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कमीत कमी डोसची गोळी लिहिली, पाय सुजला, दुखला, दम लागला तर थेट या असं बजावलं, आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

*

गोळीने कमाल केली. दोन आठवड्यांत भट्टीचं दार अर्धं लागलं, महिन्याभरात पूर्ण. बाई झोपू लागल्या. एकदा त्या गिऱ्हाइकाशी हसल्या. ते घाबरून दोन जोड घेऊन गेलं.

मग एके दिवशी सकाळी दुकानाचे बूट पायात घालताना डावा चढेना.

त्यांनी खाली पाहिलं. तोच बूट, कालचाच. उजवा घालून पाहिला, सरकन गेला. डाव्यात बूट चढवायची शिंगाची पट्टी घालून टाच आत ढकलली, तेव्हा कुठे पाय आत गेला आणि आत जाऊन गप्प बसला, कोंडलेल्या माणसासारखा.

कातड्याचं असं होतं. दमट हवेत आखडतं, कोरड्या हवेत ताणतं. तीस वर्षं त्या गिऱ्हाइकांना हेच सांगत आल्या होत्या. बूट चावतो म्हणून कुणी आलं, तर पायाकडे बघायचंच नाही, बुटाकडे बघायचं, ही त्या दुकानाची रीत. पाय हा गिऱ्हाइकाचा, त्याबद्दल बोलणं उद्धटपणा. बूट आपला. त्यांनी आतल्या खोलीतून जोडा ताणायचा लाकडी फर्मा काढला, डाव्या बुटात बसवला, स्क्रू तीन वेढे फिरवला आणि संध्याकाळपर्यंत सपाता घालून वावरल्या.

मामाने सपाता पाहिल्या. आतल्या खोलीत जाऊन फर्मा कोणत्या बुटात आहे तेही पाहिलं. परत येऊन गल्ल्यामागे बसला तेव्हा त्याचा चेहरा दुकान बंद केल्यासारखा झाला होता.

"पोरी," तो म्हणाला. "आजपासून उठू नको. बसून राहा. मी आहे इथे."

"आईला झोपवूनच ठेवलं होतंत. काय झालं?"

"ती उठली म्हणून झालं."

"कातडं आखडलंय, मामा. बाकी काही नाही."

"नेहमी डाव्याचंच आखडतं का आपल्या घरात?"

आता ही खरी अडचण होती. पाय सुजलाय असं म्हणावं, तर मामाचं भूत खरं. भूत खोटं म्हणावं, तर पाय सुजलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं त्यांना आठवत होतं, अगदी शब्दशः. पण ते सुजलेल्या पायाबद्दल होतं. आणि त्यांचा पाय सुजला नव्हता, बूट लहान झाला होता. शिकलेल्या माणसाला आपली बाजू अशी मांडता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्मा काढला. बूट तोंड वासून बसला होता, हाताला सैल लागत होता. पायाला मात्र कालच्यापेक्षा घट्ट. बाईंनी पुन्हा फर्मा घातला, स्क्रू आणखी दोन वेढे. तिसऱ्या दिवशी शिवण उसवली. उसवलेल्या बुटातही पाय मावेना. रात्रीतून कुणी तरी आत दुसरा पाय ठेवून जातंय, आणि तो सकाळी बाहेर यायचा विसरतोय, असा विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांनी लगेच हाकलला. गेला नाही, कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

पोटरी ठणकत होती. ठणकू द्या, दिवसभर उभं राहायचं काम. नवरा म्हणाला, तुझ्या पायाला काय झालंय. त्या म्हणाल्या, बूट.

त्या संध्याकाळी दुकानात कुणी नव्हतं. मामा डोळे मिटून बसला होता. बाईंनी नवा, एक नंबर मोठा डावा बूट काढला, पायात घातला आणि सवयीने आरशासमोर उभ्या राहिल्या.

आरशात दोन पाय होते. उजवा त्यांचा. तो त्या ओळखत होत्या, घोट्याचं हाड वर आलेला, पोटरी बारीक. डावा त्यांचा नव्हता. तो गोल, चकचकीत, ताणलेला, जांभळट छटेचा. घोट्याचं हाड बुडालेलं. आणि तो अनोळखीही नव्हता. या पायाजवळ बसून त्यांनी लहानपणी खडूने जमिनीवर पायांची मापं काढली होती; नंतर एकदाच तो असा पाहिला होता, अंथरुणाबाहेर आलेला, आईचा. आईचा पाय आरशात उभा होता आणि त्याच्या शेजारी लेकीचा.

बाईंनी बोटं हलवली. आरशातल्या डाव्या बुटाचं टोक जरा उशिरा हललं. असं त्यांना वाटलं.

"आल्या ना?" मामा म्हणाला. त्याने डोळे उघडले नव्हते.

"एकच आलीय," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ऐकून बाकावर टेकायला गेल्या. मग त्या बाकाकडे बघून उभ्याच राहिल्या.

*

डॉक्टरीणबाईंनी दिलेली तीन महिन्यांची तारीख नेमकी दुसऱ्या दिवशी होती. बाई त्यासाठी म्हणून गेल्या. पाय दाखवायला नव्हे. दोन जिने चढताना पाच वेळा थांबल्या. वय झालं, त्यांनी स्वतःला सांगितलं. वय तीन महिन्यांत एवढं होत नाही, हेही कुणी तरी सांगितलं, पण तो आवाज धापेत बुडाला.

"वाफा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गेल्या. गोळी म्हणजे देवमाणूस आहे."

"झोप?"

"झोप होती. दोन-चार दिवस मामाने उडवलीय." बाई हसल्या. दम लागल्यामुळे हसू तुकड्यातुकड्यांत आलं. विनोद म्हणूनच सांगायला घेतलं त्यांनी. डॉक्टर, आमच्या दुकानात भूत आहे. नाही, तुमच्याकडे त्याला औषध नसेल. आमच्या घरातल्या बाईचा डावा बूट लहान होतो आणि आठवड्याभरात बाई जाते. आईचा झाला, तापातून उठल्यावर. मग मावशीचा. आता मामा म्हणतो माझी पाळी, कारण माझा बूट, म्हणजे कातडंच ते, हवामान असं आहे ना, मी तीन दिवस फर्म्यावर ताणलाय, शिवण गेली त्याची, पण मामाला कोण—

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. खोलीत एकदम असं शांत झालं, की बाईंना स्वतःचा श्वास शेजारी कुणी घेतंय असा ऐकू आला.

"मावशी किती वर्षांच्या होत्या?"

"चोपन्न."

"काय होत होतं त्यांना?"

"काही नाही. ठणठणीत होती. वाफांवर गोळ्या घ्यायची तेवढंच. तेव्हा पट्ट्याबिट्ट्या नव्हत्या."

"आणि आई महिनाभर पडून होत्या. मग डावा पाय सुजला. मग उठताना दम लागला."

"पाय नाही," बाई म्हणाल्या. "बूट लहान झाला."

"सपाता काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या खाली वाकल्या. दुकानात बाई वाकत तशाच, एक गुडघा जमिनीला लावून. टेप काढली, गुडघ्याखाली दोन्ही पायांना एकाच उंचीवर खूण केली आणि घेर मोजला. उजवा. डावा. पुन्हा डावा. आयुष्यभर लोकांच्या पायांची मापं घेतलेल्या बाईला वरून ते आकडे वाचता येत होते. साडेतीन सेंटिमीटरचा फरक. एवढा फरक गिऱ्हाइकात दिसला असता तर त्यांनी त्याला दोन वेगळ्या नंबरांचे बूट दिले असते, आणि शाबासकी मिळवली असती.

"कातडं आखडलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढचं भराभर झालं. खालून चाकाची खुर्ची आली. पायाच्या सोनोग्राफीत, मांडीच्या मोठ्या शिरेत, एक काळी जागा दिसली जिथून काहीच वाहत नव्हतं. छातीच्या तपासणीत फुप्फुसात आणखी दोन गुठळ्या, बारीक. तिथून सुटून वर गेलेल्या. बाईंना इस्पितळात ठेवलं, रक्त पातळ राहण्याचं औषध सुरू झालं, गोळी त्याच क्षणी बंद.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी येऊन खाटेशी बसल्या.

"मी गुठळी आहे का विचारलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात गुठळी नव्हतीच. बूट होता. मी बुटाबद्दल विचारायला हवं होतं, आणि ते कोणत्याही पुस्तकात नाही."

"म्हणजे मामा खरा?"

"मामाने बघितलं ते खरं. एकाच पायाला येणारी सूज, मग अचानक दम. त्यात झोपवून ठेवणं सगळ्यात वाईट. रक्ताचा हा स्वभाव बहुधा वंशातून आलाय. त्याची तपासणी पुढे करू. आणि तपासणीत काही निघालं नाही तरी दोन बायका गेल्या आणि तिसरी इथे आहे, हे खोटं ठरत नाही. ताप नसता, गोळी नसती, तर कदाचित काही झालंही नसतं. तुमच्या रक्ताला निमित्त लागत होतं."

"आता वाफा परत येतील."

"येतील. सध्या हॉर्मोन नको. वाफांवर हॉर्मोन नसलेली औषधं आहेत, ती बघू. पुढे लागलंच तर रक्ताच्या डॉक्टरांना विचारून पट्टी किंवा जेल. गोळी मात्र तुम्हाला कधीच नाही." त्या उठल्या, दाराशी थांबल्या. "आईच्या बाजूच्या आणखी कुणी बायका आहेत?"

*

आठवड्याने बाई दुकानात आल्या. पाय अजून जड होता, पण घोट्याचं हाड पुन्हा दिसू लागलं होतं. मामाने त्यांना बाकावर बसू दिलं नाही; गल्ल्यामागची आपली खुर्ची दिली आणि स्वतः बाकावर जाऊन बसला, आरशासमोर.

त्यांनी बेबीला इस्पितळातून दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा बेबीने काळजी केली, फळं पाठवते म्हणाली, आणि मुद्द्यावर आली नाही. आता तिसऱ्यांदा.

"ती गोळी बदल, बेबी. एकदम स्वतःच्या मनाने काही करू नको. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, हे सगळं सांग, पट्टी नाहीतर जेल माग. रक्त तपासायला सांग."

"ताई, तुला सोसली नाही म्हणून मला का सोसणार नाही? आठ महिने होत आले मला."

"पहिलं वर्ष जास्त धोक्याचं असतं. आणि घरात—"

"विचारलं होतं मला घरचं. मी सांगितलं, कुणाला गुठळीबिठळी नाही. आई हार्टने गेली."

तेच वाक्य. त्याच सुरात, तेवढ्याच निर्धास्तपणे. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हार्ट नव्हतं ते. आता समजलंय. शिरेतून गुठळी फुप्फुसात—"

"कुणी पाहिली? तीस वर्षांपूर्वीची? ताई, तूच म्हणतेस ना, दोन घटनांचा नियम होत नसतो. आणि मला पुढच्या आठवड्यात प्रवास आहे, सोळा तास बसचा, आता ते पट्टीचं नवीन लचांड कोण लावून घेणार? आल्यावर बघते."

सोळा तास. बसून. बाईंनी तोंड उघडलं. यकृत, लोंढा, दीडपट, दुप्पट हे सगळं जिभेवर होतं, बरोबर होतं, आणि ते ऐकून कुणी उद्या सकाळी उठून दवाखान्यात जाणार नव्हतं. त्या स्वतः गेल्या नव्हत्या.

"बेबी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनाच वेगळा लागला. सुटे पैसे मोजताना मामा लावतो तसा. "तुझी आई इथे येते."

"येते म्हणजे?"

"रोज. दिवे लागले की. आरशासमोर उभी राहते, तो पट्टा सैल केलेला सँडल घालून. वर कुणी नसतं, पाय तेवढे. इतके दिवस ती माझ्या आईशेजारी नुसती उभी असायची. मी इस्पितळातून आल्यापासून तिची बोटं दाराकडे वळलीत. तुझ्या गावाकडे."

"ताई, असलं काही बोलू नको."

"तुझ्यासमोर सकाळी ती गोळी असते ना, चहाआधीची? तीच ती घेत होती. तीच मी घेतली. मला तिने जाऊ दिलं. आता ती कुणाची वाट बघतेय, ते मी कशाला सांगू?"

बेबी लहान आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी जाते. बसचं रद्द करते."

"काय सांगशील तिथे?"

"पट्टी नाहीतर जेल. आई, मावशी, तू. रक्त तपासा."

"आणि?"

"आणि पाय बघा."

बाईंनी फोन ठेवला. धडधडीत खोटं बोलल्याबद्दल थोडी लाज आणि ते लागू पडल्याचं पुष्कळ समाधान, असं काही तरी त्यांना वाटत होतं. दुकानात दिवे लागले होते. मामा बाकावर, आरशाकडे बघत. त्याने सगळं ऐकलं होतं.

"कुठे म्हणालीस, उभी आहे ती?" त्याने विचारलं.

"मामा, मी ते तिला घाबरवायला म्हणाले."

"ते कळलं. कुठे म्हणालीस?"

बाईंनी आरशाकडे बोट केलं. "तिथे. डावीकडे. दाराकडे तोंड करून."

मामाने मान हलवली. मग त्याने आपले दोन्ही पाय उचलले, हळूच बाकाखाली ओढून घेतले, वाटेतल्या माणसाला जागा करून देतात तसे, आणि पॉलिशची डबी संपली असं सांगितलं.